पाचशे तीसची जोडी

जून उजाडला तरी केंदूरच्या शाळेच्या व्हरांड्यातली फरशी तापलेलीच होती. बचत गटाच्या बायका पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या, आणि गौतमी पायरीवर पुस्तक उघडून आईचं काम आटपायची वाट बघत होती. दौंडहून सकाळी निघून दोन गाड्या बदलून ती आली होती. महिन्यातला एखादा रविवार ती असा आईसाठी काढायची. तो रविवार गटाच्या बैठकीचा निघाला, म्हणून तिची जरा चिडचिड झाली होती, पण ती तिनं दाखवली नव्हती.

"आक्काबाई आन् साळूबाई," सचिव नीलमताईंनी हाक मारली.

आई पुढं सरकली. पदराच्या गाठीतून तिनं तीनशे दहा रुपये काढले. शेजारच्या साळूबाईनं दोनशे वीस काढले. दोघींनी ते एकत्र करून नीलमताईंच्या हातात दिले. नीलमताईंनी मोजले आणि वहीत एकच आकडा टाकला, पाचशे तीस.

"एकतिसावा आठवडा. पुढं."

"आक्का, ह्या आठवड्याला साळूला मागं टाकलंस लई," अनसाबाई भिंतीला टेकून म्हणाली. गटात टोमणे मारायचं काम तिच्याकडं होतं, आणि ते ती मनापासून करायची.

"शेवटाला आनखी टाकनार हाय," आई म्हणाली. "तू बघ फक्त."

परत निघताना गौतमीनं विचारलं, तेव्हा आईनं चालता चालता सगळं सांगितलं. नीलमताईंच्या मोबाईलवर कुठंतरी बावन्न आठवड्यांच्या बचतीचा व्हिडिओ आला होता. पहिल्या आठवड्याला दहा रुपये, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला तीस. असं दर आठवड्याला दहानं वाढवत शेवटच्या, बावन्नाव्या आठवड्याला पाचशे वीस. बायकांना ते आवडलं, पण लगेच भांडण लागलं. ज्यांच्या घरी ऊस हंगामाचा पैसा, त्या म्हणाल्या, आमच्याकडं दिवाळीनंतर पैसा असतो, पुढच्या दिवाळीला खडखडाट. जड हप्ता शेवटी आला तर भरायचा कुठून? आम्ही उलटं भरतो, पाचशे वीसपासून खाली. बाकीच्या म्हणाल्या, सुरुवातीलाच पाचशे वीस आम्ही आणायचे कुठून?

"मग?"

"मग काय. मी म्हनलं, निम्म्या चढा, निम्म्या उतरा. एक चढती, एक उतरती, अशी जोडी लावा आन् मिळून भरा. मी धा देते, साळूबाई पाचशे वीस. फुडच्या आठवड्याला मी वीस, ती पाचशे धा. कवाबी मोजा, जोडीचे पाचशे तीसच."

गौतमी थांबली. "आई, हे पुस्तकात असतं. अंकगणिती श्रेढीची बेरीज अशीच काढतात. ओळ एकदा सरळ लिहायची, तिच्याखाली उलटी लिहायची. वरचा-खालचा आकडा मिळवला की प्रत्येक वेळी सारखंच उत्तर. पाचशे तीस, बावन्न वेळा. म्हणजे सत्तावीस हजार पाचशे साठ. त्याचं निम्मं एका ओळीचं. तेरा हजार सातशे ऐंशी."

"नीलमनं पन तेवढंच काढलंय."

"पुस्तकातलं तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. पुस्तकवाल्यांच्या बायकांनी पन गट काढला असंल."

गौतमीला हसू आलं. त्या दुपारी त्या दोघी एवढंच हसल्या.

बाकी दुपार साधीच गेली. आईनं भाकरी आणि शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. शाळेला सुट्टी होती, त्यामुळं पोरांची खिचडी शिजवायचं तिचं काम बंद होतं, आणि काम नसलं की तिला हात कुठं ठेवावेत ते कळायचं नाही. तिनं गौतमीच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी कोंबली. वर्ष पुरं झालं की ती आणि साळूबाई पैसे एकत्र करून मोटरीवरचं शेवयांचं मशीन घेणार होत्या, ते तिनं तिसऱ्यांदा सांगितलं. शिक्रापूरच्या दुकानात ते बघूनही आल्या होत्या. साळूबाईच्या घरात ठेवायचं, कारण तिच्याकडं जागा. आणि वर्षभराच्या शेवया आईनं विकायच्या, कारण आईकडं जीभ.

चारच्या गाडीला आई तिला सोडायला थांब्यापर्यंत आली. गाडी वळणावर दिसली, तेव्हा म्हणाली, "फुडच्या साली साळूला दुसरी कुनी बघू दे. तू व्हशील का माझी जोडी? वरनं तू उतर, खालनं मी चढते. दर आठवड्याला यायला नको, पैसे मोबाईलवर धाड."

गौतमीच्या डोक्यात दौंडची गाडी चुकू नये एवढंच होतं. शिवाय आईच्या या सगळ्या योजना तिला नेहमीच जरा सैल वाटायच्या. आज हलकं, उद्या जड, उद्याचं उद्या बघू. वडील गेल्यावर घर असंच चाललं होतं, आणि त्या उद्याच्या काळजीत गौतमीचं निम्मं लहानपण गेलं होतं.

"बघू," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

सोमवारी सकाळी शेजारच्या घरातून फोन आला. आई चुलीपाशी बसली ती बसलीच. शिक्रापूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, वंदना झाल्यावर आणि पाहुणे जेवून उठल्यावर, नीलमताई आणि साळूबाई घरात आल्या. साळूबाई उंबऱ्याच्या आत कधी आली नव्हती. मळ्यातल्या बायका बौद्धवस्तीवर फारशा यायच्या नाहीत, आणि शाळेच्या व्हरांड्यात तिला आणि आईला शेजारी बसवलं ते त्या जोडीनंच. ती आत आली, खाली बसली, पाणी मागून प्यायली.

"आत्ताच बोलायला नको, पण रविवार येतोय," नीलमताई म्हणाल्या. "चढतीच्या हिशेबानं आक्कांचं जेवढं जमा होतं तेवढं तुला मिळेल, गौतमी. जोडी मोडली असं लिहू. साळूबाईंना त्यांचं परत. कुणाचं काही बुडत नाही."

"आणि मशीन?"

साळूबाईनं मान हलवली. "एकटीच्यात व्हत न्हाई ते."

"आईच्या जागी दुसरं कुणी बसलं तर?"

नीलमताईंनी वहीकडं बघितलं. "नियमानं चालतं. पण कोण बसेल? आता चढतीचे हप्ते जड आहेत. या रविवारी तीनशे वीस."

अनसाबाई दारात चप्पल शोधत होती. कुणाला वाईट वाटावं म्हणून ती बोलली नसेल, सवयीनं बोलली. "आक्कानं हलकं हलकं तेवढं भरलं. जड ऱ्हायलं पोरीच्या गळ्यात."

ते वाक्य गौतमीला लागलं, पण ते खोटं वाटलं म्हणून नाही. तिच्या मनात तेच आलं होतं, तिच्या आधी कुणीतरी ते तोंडानं बोललं, म्हणून लागलं.

त्या संध्याकाळी गाडीत तिनं तिकिटाच्या मागं हिशेब मांडला. आईचे एकतीस आठवडे. पहिला हप्ता दहा, शेवटचा तीनशे दहा. दोन्हींची बेरीज तीनशे वीस, गुणिले एकतीस, भागिले दोन. चार हजार नऊशे साठ. उरलेले एकवीस आठवडे. तीनशे वीस आणि पाचशे वीस मिळून आठशे चाळीस, गुणिले एकवीस, भागिले दोन. आठ हजार आठशे वीस. दोन्ही मिळवले तर तेरा हजार सातशे ऐंशी. बरोबर होतं. निम्म्याहून जास्त आठवडे संपले होते आणि जवळजवळ दोन तृतीयांश रक्कम बाकी होती.

ती दौंडच्या एका कॉलेजात ग्रंथालयात कंत्राटावर होती. महिन्याला नऊ हजार. रेल्वे कॉलनीमागं एका खोलीत राहायची, आणि पगार दोन-दोन महिने अडकायचा. आठ हजार आठशे वीस एकदम देणं तिला शक्य नव्हतं. पण आठवड्याला आठवड्याचं देणं शक्य होतं, निदान सुरुवातीला.

रविवारी ती शाळेच्या व्हरांड्यात आली, साळूबाईशेजारी बसली आणि तीनशे वीस रुपये काढले. साळूबाईनं दोनशे दहा काढले.

"नाव?" नीलमताईंनी विचारलं.

"आईचंच राहू दे," गौतमी म्हणाली. "मी तिच्या वतीनं भरते."

असे आठवडे सुरू झाले. मोबाईलवरून पाठवता आले असते, पण पहिल्याच आठवड्याला साळूबाई म्हणाली, "तू नगं येऊस, पन मंग माझ्याशेजारी मोकळी जागा बघून अनसी बोलत बसंल." त्यामुळं ती येत राहिली. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेवढाच आधार. शिरूरला उतरायचं, शिक्रापूरची गाडी धरायची, तिथून केंदूर. गाडीत ती वाचायची. श्रावणापर्यंत तिनं ग्रंथालयातलं एक अख्खं कपाट संपवलं.

तिचा हप्ता दर रविवारी दहानं चढायचा, साळूबाईचा दहानं उतरायचा. बैठक संपली की साळूबाई तिला मळ्यात न्यायची, ताक द्यायची. साळूबाईचे मालक पोपटराव पाटसच्या बाजूला ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर जायचे. हंगाम नसला की घरी बसून गोठ्यात लुडबुड करायचे, आणि साळूबाईला ते अजिबात चालायचं नाही.

"म्हशीला बी कटाळा आलाय ह्यांचा," ती म्हणायची.

"म्हैस बोलली का तुझ्यापाशी?" पोपटराव आतून विचारायचे.

"बोलंल. तिच्या जिवावर घर चाललंय, तिला नगं व्हय बोलायला?"

त्या घरात बसून आईबद्दल ऐकताना गौतमीला वाटायचं, आईच्या नावानं आपण कुणा दुसऱ्याच बाईबद्दल ऐकतोय. आई पोरांना खिचडी वाढताना नावं ठेवायची, एकाचं नाव गव्हर्नर, एकाचं इंजिन. आई बैठकीत सगळ्यांत मोठ्यानं हसायची. घरी ती इतकी हसत नसे. किंवा हसत असेल, आणि गौतमी पुस्तकात असेल.

पण हप्ता चढत होता. ऑगस्टात चारशेच्या वर गेला. कॉलेजनं ऑगस्टचा पगार दिला नाही, मग सप्टेंबरचाही नाही. गौतमीनं दूध बंद केलं. सुट्टे पैसे ती एका जुन्या शब्दकोशात ठेवायची. ते तिनं काढले. एकोणपन्नासाव्या आठवड्याचे चारशे नव्वद तिनं शेजारच्या हर्षदाकडून उसने घेऊन भरले. हर्षदा रेल्वे हॉस्पिटलात नर्स होती, आणि तिलाही दिवाळी करायची होती. तिच्याकडं पुन्हा उसने मागणं गौतमीच्या जिभेवर आलं नाही.

पन्नासाव्या रविवारी गाडीत बसली, तेव्हा तिच्या पाकिटात दोनशे चाळीस होते, त्यातून परतीचं तिकीट जायचं. हप्ता पाचशेचा होता. पुढं पाचशे दहा, मग पाचशे वीस. तीन आठवड्यांचे पंधराशे तीस. एवढं येऊन शेवटचे तीन आठवडे. तिनं तिकिटाच्या मागं काही लिहिलं नाही. लिहून ते कमी होणार नव्हते. काय सांगायचं ते ती मनात जुळवत राहिली. दिवाळीनंतर भरीन, चालेल का? चालणार नव्हतं. नियम तिच्या आईनंच घातला होता, की त्या रविवारी पाचशे तीस जमले नाहीत तर जोडी मोडली.

आणि राहून राहून तिला आईचाच राग येत होता. सगळं जड तू शेवटी ठेवलंस, आणि निघून गेलीस.

व्हरांड्यात बायका जमल्या होत्या. दिवाळी जवळ आल्यानं गलका होता. गौतमी साळूबाईजवळ बसली आणि हळू म्हणाली, "साळूमावशी, माझ्याकडं पाचशे नाहीत. दोनशेच्या आसपास आहेत. नीलमताईंना सांगावं लागेल."

साळूबाईनं तिच्याकडं बघितलं. "पाचशे तुला कुनी मागितलं?"

"हप्ता पाचशेचा आहे."

"तुझा तीसचा हाय." साळूबाईनं पदराची गाठ सोडली आणि पाचशेची एक नोट काढून मांडीवर ठेवली. "पाचशे माझं."

"उलटं आहे, मावशी. उतरतीचे तीस."

"उतरतीचं तीसच हाय. पन हे तीन आठवडं मी चढती हाय." मग नीलमताईंकडं वळून ती जरा मोठ्यानं म्हणाली, म्हणजे अनसाबाईलाही ऐकू जावं, "गेल्या दिवाळीला शेतं वली व्हती, ऊसतोड लांबली. ह्यांचा ट्रॅक्टर तीन आठवडं उभा. पयल्याच आठवड्याला पाचशे वीस मी कुठनं आननार व्हते? आल्या आल्या जोडी मोडनार व्हती माझी. तवा आक्का म्हनली, माझं थकल्यालं मानधन आत्ताच मिळालंय. पयलं तीन हप्तं मी उतरते, तू चढ. तिनं पाचशे वीस, पाचशे धा, पाचशे भरलं. मी धा, वीस, तीस."

"मग तुमचं आणि त्यांचं सारखं कसं व्हायचं?" नीलमताईंनी वही चाळली. पण वहीत पहिल्या तीन आठवड्यांपुढंही पाचशे तीस एवढाच आकडा होता. कुणी किती दिले ते जोडीनं आपसात बघायचं, असंच ठरलं होतं.

उत्तर गौतमीला आधीच दिसलं होतं. वरची ओळ, खालची ओळ. पहिल्या आठवड्याचा जोडीदार आकडा शेवटच्या आठवड्यात बसलेला असतो. दहाच्या समोर पाचशे वीस, वीसच्या समोर पाचशे दहा, तीसच्या समोर पाचशे. सुरुवातीला तीन आकडे उलटे केले, तर शेवटचे तीन उलटे केल्यावर दोन्ही ओळी परत सारख्या होतात. तेरा हजार सातशे ऐंशी आणि तेरा हजार सातशे ऐंशी.

"शेवटचे तीन तुम्ही भरायचे," ती म्हणाली.

"आसंच बोलनं झालं व्हतं. शेवटाला मी चढनार, ती उतरनार. कुनाला सांगू नगं म्हनली. ट्रॅक्टर उभा हाय हे गावात नगं फिरायला म्हनून." साळूबाईनं नोट उचलली. "दुधाचं बाजूला टाकत आलेय म्हयनाभर. पंधराशे तीस पुरं हायती."

"आधी का नाही सांगितलं, मावशी?"

"सांगनार व्हते. मंग वाटलं, येतीय तर येऊ दे. आदीच सांगितलं असतं तर तू म्हनली असतीस, शेवटचं तुमीच भरा, मी कशाला येऊ." तिनं नोटेची घडी सरळ केली. "आन् खरं सांगू का. वईत काय न्हवतं. गप बसले असते तर कुनाला कळलं न्हसतं. येक-दोनदा आलं मनात. मंग तू ताक पीत बसायचीस आन् त्वांड आक्कावानी दिसायचं."

अनसाबाई भिंतीला टेकून होती. तिनं पदराचं टोक दोनदा बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"मंजी आक्कानं जड आदी भरलं म्हन की," ती शेवटी म्हणाली.

"आदीच," साळूबाई म्हणाली.

"मी त्या दिशी आक्काच्या घरी कायतरी बोलले व्हते पोरीला."

"बोलली व्हतीस."

"मंग ते मागं घेते. नीलम, लिव वईत."

बायका हसल्या. गौतमीनं पाकिटातून वीसची एक आणि दहाची एक नोट काढली. साळूबाईच्या पाचशेवर ठेवली. नीलमताईंनी मोजले. पाचशे तीस.

परतीच्या गाडीत तिनं पुस्तक उघडलं नाही. आईनं प्रत्यक्षात किती भरले होते ते तिनं मनातच मोजलं. चार हजार नऊशे साठ नव्हे, सहा हजार चारशे तीस. बाकीचं गौतमीनं भरलेलं. जडातलं जड आईनं पहिल्या तीन रविवारी उचललं होतं, तेही पदरी थोडे पैसे आले तेव्हा, दुसरीची जोडी मोडू नये म्हणून. उद्याचं उद्या बघणारी बाई असं करत नाही. गौतमीला आईबद्दल इतकी वर्षं जे वाटत आलं होतं, ते एका बेरजेनं पुरं खोडलं गेलं नाही. पण त्यातली एक ओळ तिनं उलटी वाचली होती, एवढं तिला कळलं.

मधल्या आठवड्यात एका महिन्याचा पगार झाला. तिनं हर्षदाचे चारशे नव्वद परत केले, वर शेंगदाण्याची चटणी दिली. आईसारखी जमली नव्हती.

दिवाळी झाल्यावरच्या रविवारी बावन्नावा आठवडा होता. व्हरांड्यात नीलमताईंनी फराळ ठेवला होता. साळूबाईनं पाचशे वीस काढले. गौतमीनं दहाची एक नोट काढली. आईनं वर्षापूर्वी इथंच बसून साळूबाईचा पाचशे वीसचा हप्ता भरला होता, त्याच्या समोरचे हे दहा.

"आक्काबाई आन् साळूबाई," नीलमताई म्हणाल्या. त्यांनी ओळ ओढली आणि बेरीज मांडली. "सत्तावीस हजार पाचशे साठ. जोडी पुरी."

मशीन आणायला पोपटराव स्वतः शिक्रापूरला जाणार होते. शेवया विकायला आता कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा अनसाबाईनं घसा खाकरला, आणि सगळ्यांनी तो प्रश्न सुटला असं धरलं.

मग नीलमताईंनी नवी वही काढली. "येत्या रविवारपासून दुसरं वर्ष. जोड्या सांगा. कोण चढती, कोण उतरती."

एकेक नाव पडत गेलं. गौतमीला वाटलं होतं, आपलं काम झालं. आज ती शेवटची आली होती. ती उठली, पायऱ्या उतरली, आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली. साळूबाई तिच्यामागून तिच्यासाठी चटणीची एक पिशवी घेऊन आली आणि शेजारी उभी राहिली. वळणावर गाडी दिसली.

याच थांब्यावर, गाडी अशीच वळणावर दिसली असताना तिला एक प्रश्न विचारला गेला होता, आणि ती 'बघू' म्हणाली होती. तिनं आयुष्यात इतकी पुस्तकं वाचली, पण त्या प्रश्नाचं उत्तर एकाच शब्दाचं होतं, आणि ते द्यायला तिला गाडी येण्याआधीचा वेळ पुरेसा होता.

"मावशी, नीलमताईंना सांगा. नव्या वहीत माझं नाव लिहा. तुमच्या जोडीला. पण माझं, आईचं नव्हे."

"चढती का उतरती?"

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. गौतमी साळूबाईकडं बघत नव्हती. आई जिथं उभी असायची तिथं, थांब्याच्या खांबाकडं तोंड करून, दौंडला गेल्यापासून तिनं जी बोली तोंडातून काढली नव्हती त्या बोलीत ती मोठ्यानं म्हणाली, "व्हय, आई. व्हईन मी तुझी जोडी. वरनं मी उतरते."